एकच कळ, तीन अक्षरं

आमच्या शाळेतल्या संगणकावर तीन कीबोर्ड आहेत. वस्तू एकच, पण आत मांडण्या तीन: इंग्रजी, मराठी आणि उर्दू. प्रश्नपत्रिका मराठीत, हजेरीचे काही तक्ते उर्दूत आणि सरकारी कामं इंग्रजीत, म्हणून तिन्ही लागतात. त्यात k ची कळ मला फार आवडते. इंग्रजीत ती k देते, मराठी इनस्क्रिप्टमध्ये क देते आणि विंडोजच्या उर्दू मांडणीत काफ देते. तिन्ही भाषा एका कळीवर एकत्र येतात. पण हा योगायोग तिथंच संपतो. त्याच ओळीतली h दाबा: मराठीत प उमटतो, उर्दूत छोटी हे. a दाबली तर मराठीत ओकाराची मात्रा येते आणि उर्दूत मीम.

वर्डमध्ये लिहिताना मांडणी बदलली तर पहिल्याच शब्दाला कळतं. पासवर्डच्या चौकटीत मात्र सगळ्या भाषांचा चेहरा सारखाच, काळा ठिपका. तिथं बोटं बरोबर चालतात आणि अक्षरं भलतीच उमटतात.

मांडणी बदलते कशी? विंडोजमध्ये डावीकडची Alt आणि Shift एकत्र दाबून, तिसरी कळ न दाबता सोडली की भाषा बदलते. दोन्ही कळा डाव्या हाताखाली, अगदी जवळजवळ. आता पासवर्ड भरणाऱ्या माणसाचा हात पाहा. तो दुसऱ्या खिडकीतलं काहीतरी बघायला Alt + Tab ने जातो आणि तसाच परत येतो. पासवर्डचं पहिलं अक्षर बहुधा कॅपिटल असतं, म्हणून करंगळी लगेच Shift वर जाते. अंगठा Alt वरून पुरता उठलेला नसला, की संगणक समजतो भाषा बदलायची आहे. कोपऱ्यातलं ENG जाऊन दुसऱ्या भाषेचं चिन्ह येतं, पण तेव्हा डोळे चौकटीवर असतात.

चुकीच्या मांडणीत लॉगिन करायला गेलो तर फार तर दार उघडत नाही. खरी अडचण नवा पासवर्ड ठरवताना होते. आमच्या एका सहकारी आपांच्या बाबतीत तेच झालं. मुलींच्या शिष्यवृत्तीचे अर्ज एका संकेतस्थळावर भरायचे होते. अडतीस मुलींचे अर्ज होते, दोन दिवस उरले होते. पासवर्ड बदलल्याशिवाय ते संकेतस्थळ पुढं जाऊ देईना. आपांनी जुना टाकला, परिपत्रकाची पीडीएफ बघून परत आल्या, नवा दोनदा टाकला, डायरीत लिहून ठेवला. संकेतस्थळानं तो स्वीकारला.

संध्याकाळी घरून मोबाइलवर तोच पासवर्ड चालेना. दुसऱ्या दिवशी शाळेतही चालेना. एव्हाना एक शेवटची संधी उरली होती. पासवर्ड विसरल्याचं बटण दाबावं, तर ओटीपी निवृत्त झालेल्या मुख्याध्यापकांच्या बंद पडलेल्या नंबरवर जायचा.

आपा रडकुंडीला आल्या होत्या. म्हणाल्या, "सर, डायरीत बघून टाकला हो. एक अक्षर इकडचं तिकडं नाही."

मी म्हटलं, "आपा, तुमची डायरी बरोबरच आहे. त्या दिवशी संगणकानं काय ऐकलं ते शोधू या."

नवा पासवर्ड दोनदा लिहायला लावतात तो टायपिंगची चूक पकडायला. पण मांडणीच बदललेली असेल तर दोन्ही वेळा तेच चुकीचं उमटतं, दोन्ही चौकटी जुळतात आणि ही पडताळणी निरुपयोगी ठरते. पासवर्डला मोठं अक्षर आणि अंक हवेच अशी अट असती, तर संकेतस्थळानं तिथंच अडवलं असतं, कारण मराठीत किंवा उर्दूत कॅपिटल अक्षर नाहीच. इथं अट फक्त कमीत कमी आठ अक्षरांची होती.

आपांचा खरा पासवर्ड सांगणार नाही, उदाहरण म्हणून Gulab#Phul धरू. इंग्रजीत ही दहा अक्षरं. याच कळा मराठी इनस्क्रिप्टमध्ये दाबल्या तर येतं: उहतोव्रझपहत. G चा उ झाला, u चा ह, l चा त, a ची मात्रा, b चा व. गंमत # ची आहे. त्या कळीवर मराठीत रफाराचं भावंड बसलंय, खाली जोडायचा र. तो संगणकाच्या लेखी हलन्त आणि र अशी दोन अक्षरं आहे. म्हणजे दहा कळा दाबून अकरा अक्षरं साठली. म्हणून ठिपके मोजून खात्री होत नाही.

आता प्रश्न हा, की त्या दिवशी मराठी लागली होती की उर्दू? संधी एकच होती. जुना पासवर्ड स्वीकारला गेला होता, म्हणजे तोवर इंग्रजी होती. बदल झाला तो पीडीएफ बघून परत येताना. आणि Alt + Shift भाषांच्या यादीत क्रमानं पुढं नेतं. आमच्या यादीत इंग्रजीच्या खाली मराठी, तिच्या खाली उर्दू. एकदाच घसरलेला हात इंग्रजीवरून मराठीवर जाणार.

आधी नोटपॅड उघडलं. मराठी मांडणी लावून, डायरीतला पासवर्ड इंग्रजी समजूनच आपांना त्याच कळा दाबायला सांगितल्या. निरर्थक पण स्पष्ट असा मराठी शब्द उमटला. मग कोपऱ्यातलं मराठीचं चिन्ह पाहून, त्याच कळा पासवर्डच्या चौकटीत. दार उघडलं. ते लगेच पुन्हा बदललं: ENG दिसतंय हे बघून, डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून, अक्षरं वाचून. नोटपॅड जतन न करता बंद केलं. अडतीस अर्ज दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेले.

हा उपाय त्याच मांडणीवर चालतो. मोबाइलवरच्या मराठी कीबोर्डची मांडणी वेगळी असू शकते, तिथं तेच बोट वेगळं अक्षर देईल. म्हणून असं झालं तर ज्या संगणकावर पासवर्ड ठरवला त्याच्याकडेच परत जावं. आणि आठवावं, आधी कोणती चौकट बरोबर भरली गेली होती, कारण घसरण तिच्यानंतरच झालेली असते.

दोनतीन भाषांत काम करणाऱ्यांनी ती जोडकळ बंदच करून टाकावी. विंडोज 11 मध्ये Settings उघडून पुढचा रस्ता असा:

```
Time & language > Typing > Advanced keyboard settings
> Input language hot keys > Change Key Sequence
```

तिथं Switch Input Language खाली Not Assigned निवडावं. भाषा बदलायला Windows + Space उरतंच. ते दाबल्यावर पडद्यावर भाषांची यादी दिसते, म्हणजे बदल झाला तर डोळ्यांना कळतो. ही सेटिंग ज्या खात्यात केली त्याच खात्यापुरती असते. आमच्या शाळेत शिक्षकांची चार खाती आहेत, त्यामुळे ती चार वेळा करावी लागली.