कासच्या कुंपणावरून निवडलेला फोन

२०२४च्या सप्टेंबरात माझ्याजवळ फोनसाठी ३० हजार रुपये होते. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राचं दुसरं वर्ष आणि प्रकल्प सह्याद्रीतल्या फुलझाडांच्या नोंदींचा. झाडाचा फोटो, जागेचे अक्षांश-रेखांश आणि वेळ हे सगळं फोनवरच टिपायचं, त्यामुळे फोन म्हणजे माझं कामाचं अवजारच. समोर दोन पर्याय होते. एक त्याच वर्षी जुलैत आलेला वनप्लस नॉर्ड ४, ऑफर धरून साधारण २८ हजारांना. दुसरा आदल्या वर्षीचा सॅमसंग गॅलॅक्सी एस२३. बाजारात आला तेव्हा ७५ हजारांचा असलेला हा फोन सणांच्या सेलमध्ये ३८ हजारांपर्यंत उतरला होता. वरचे पैसे द्यायला बाबा तयार होते.

माझं मन एस२३कडेच ओढत होतं, आणि त्याला कारण होतं: तिप्पट जवळ आणणारी वेगळी टेलिफोटो लेन्स. कासच्या पठारावर फुलांच्या गालिच्यात पाय टाकता येत नाही, टाकूही नये. कुंपणाबाहेरून चार-पाच मीटरवरचा तेरडा टिपायचा तर अशी लेन्स हवीच. नॉर्ड ४ला ती नाही.

वर्गातल्या मैत्रिणीकडे एस२३ होता. कासला जाताना तिने तो दिवसभर माझ्या हाती दिला. लांबच्या फुलांचे फोटो खरोखर सुरेख आले, पाकळ्यांवरच्या शिरासुद्धा दिसत होत्या. पण वाटेच्या कडेला दवबिंदूचं रोप दिसलं. हे कीटक खाणारं, बोटभर उंचीचं झाड. त्यावर कॅमेरा जवळ नेला, पडद्यावर 3x होतं, तरी चित्र मऊ येत होतं. मैत्रीण म्हणाली, "टेलिफोटोच्या भिंगावर बोट ठेवून बघ." ठेवलं, तर चित्र काळं झालंच नाही! वस्तू फार जवळ असली किंवा उजेड कमी पडला की फोन मुकाट्याने मुख्य कॅमेऱ्यावर जातो आणि त्याच चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करून दाखवतो. आमची निम्म्याहून जास्त कामं जवळूनच असतात: पानांची मांडणी, देठावरची लव, पुंकेसर. तिथे या महागड्या लेन्सचा उपयोग नव्हता.

दुसरी गोष्ट बॅटरीची. एस२३ची ३९०० एमएएच, नॉर्ड ४ची ५५००. पठारावर रेंज तुटक असते. टॉवर लांब असला की फोन सिग्नल जास्त जोराने पाठवतो, सतत नेटवर्क शोधत राहतो, वर जीपीएस आणि उन्हात वाचता यावा म्हणून पूर्ण उजळलेला पडदा. दुपारच्या डब्यानंतर थोड्याच वेळात बॅटरीची सूचना लाल झाली. शहरात तोच फोन मैत्रिणीला रात्रीपर्यंत पुरतो. आमच्या कामात मात्र फोन बंद पडला की नोंद गेली.

तरीही मी दुकानात जाऊन एस२३चं खोकं पाहिलं. त्यावर निर्मितीचा महिना छापलेला असतो. तो २०२३च्या सुरुवातीचा निघाला. "ताई, सीलबंद आहे, वॉरंटी आजपासूनच मिळेल," दुकानदार म्हणाले. ते खरंच होतं. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात. लिथियम-आयन बॅटरी मात्र कारखान्यातून निघाल्यापासून म्हातारी होत जाते, वापरली नाही तरी. उष्ण गोदामात पडून राहिली तर आणखी लवकर.

अपडेटचं घड्याळही फोन बाजारात आल्यापासूनच चालतं. एस२३ला चार अँड्रॉइड आवृत्त्या आणि पाच वर्षं सुरक्षा अपडेट, म्हणजे २०२८च्या सुरुवातीपर्यंत. नॉर्ड ४ला आवृत्त्या चारच, पण सुरक्षा सहा वर्षं, म्हणजे २०३०च्या मध्यापर्यंत. मी वहीत भागाकार केला. एस२३ला चार्जर वेगळा घ्यावा लागतो. तो न धरताही उरलेल्या सव्वातीन वर्षांना वर्षाकाठी साडेअकरा हजार पडत होते. नॉर्ड ४ला, चार्जरसकट, पाच हजारांच्या आत. इतकी वर्षं मी एकच फोन वापरेन असं नाही. पण नोकरी लागेपर्यंत दुसरा घ्यायची ऐपत नाही, म्हणून हा हिशेब मला महत्त्वाचा वाटला.

एस२३ काही बाबतींत निश्चित सरस आहे. तो हाताला हलका आहे आणि पाण्यापासूनचं संरक्षणही वरच्या दर्जाचं आहे. ज्याला मुख्यतः माणसांचे आणि प्रवासाचे फोटो काढायचे होते आणि संध्याकाळी चार्जर हाताशी असायचा, त्याने तेव्हा ३८ हजार मोजायला माझी हरकत नव्हती.

मी नॉर्ड ४ घेतला. उरलेल्या पैशांत दहापट मोठं दाखवणारं हातभिंग आलं. ते मुख्य कॅमेऱ्यासमोर धरलं की दवबिंदूच्या पानावरचे चिकट थेंब वेगवेगळे मोजता येतात. उंच झाडांच्या शेंड्यावरची फुलं या फोनला नीट टिपता येत नाहीत, ही उणीव आहेच. तिथे मी खाली पडलेली ताजी फुलं उचलते, पट्टीशेजारी ठेवून फोटो काढते आणि नोंदीत 'गळलेले फूल' असं लिहिते.