मिठाजवळची चटणी

माझ्या डोक्यावर बऱ्याच जणांचं देणं होतं. पैशाचं होतं ते फिटलं. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचं तेवढं राहिलं.

शाळा नांदुरा तालुक्यातली, म्हणजे घाटाखालची. सर बाहेरगावचे, एका खोलीत भाड्याने राहायचे. आईबापाकडून पोराकडे काय काय येतं, याचं त्यांना विलक्षण कुतूहल. कुणाच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली, कुणाची सुटी, कुणाला जिभेची नळी करता येते, सगळं वहीत टिपून ठेवायचे. जिभेचा गुण सरळ आईबापाकडून येतो असं तेव्हा सर्रास शिकवलं जाई. पण आमच्या वर्गात हुबेहूब दिसणारे दोन जुळे भाऊ होते. एकाची जीभ वळायची, दुसऱ्याची काही केल्या वळेना. सरांनी त्या दोघांना आठवडाभर छळलं आणि मग पुस्तकातल्या त्या नियमावर पेन्सिलीने फुली मारली. छापलेल्या गोष्टीवर फुली मारता येते हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

माझ्याकडे त्यांचं लक्ष गेलं ते नकाशामुळे. मी मेळघाटचं जंगल तपकिरी रंगवायचो आणि त्यापायी मार खायचो. ‘लक्ष नसते याचं’ हे घरी-दारी ठरून गेलं होतं. सरांनी रंगपेटी पुढे ठेवली, खडूंवरचे कागद काढले आणि हिरवा मागितला. मी तपकिरी दिला. ते काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात खामगावच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडून त्यांनी ठिपक्यांच्या चित्रांचं पुस्तक मागून आणलं. इशिहारा नावाच्या जपानी लष्करी डॉक्टरने १९१७ साली काढलेली ही चित्रं. सरांनी ती ओसरीवर, दिवसाच्या उजेडात दाखवली. बल्बच्या पिवळ्या उजेडात रंग बदलतात आणि चाचणी चुकते, म्हणाले. एका चित्रात बाकीच्या पोरांना ७४ दिसत होते. मला स्वच्छ २१ दिसले. ‘काहीच दिसत नाही’ असं नव्हतं, वेगळंच दिसत होतं. सर खूश झाले. आपल्या डोळ्यांतल्या खोटीवर कुणी एवढं खूश होतं याचा मला रागच आला.

मग त्यांनी विचारलं, “आईला भाऊ किती?”

भाऊबीजेला मामा आजीला घेऊन आमच्याकडे आला होता. आईने सरांनाही जेवायला बोलावलं. पंगतीला बाबा, सर, मामा, मोठा भाऊ आणि मी. आई वाढत होती, आजी चुलीजवळ बसून भाकरी थापत होती. भरल्या वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि लाल मिरचीची चटणी.

सरांनी आडवळण न घेता मामाला विचारलं, “ताटातला ठेचा कोणता आणि चटणी कोणती?”

“हा ठेचा,” मामाने बरोबर बोट ठेवलं.

सर हिरमुसले. तेवढ्यात आई हसली. “त्याले ठाव हाय ना. लाल नेहमी मिठाजवळ वाढतो आम्ही, ठेचा भाजीजवळ. उलटं झालं की चिडते तो.”

सरांनी ताट उचललं, पाठ फिरवून दोन्ही वाट्यांच्या जागा बदलल्या की नाही ते कळू न देता परत ठेवलं. मामा बल्बखाली वाकून बघत राहिला, मग वास घेतला, शेवटी बोट बुडवून चाखलं. पंगत गप्प झाली.

“कपाशीवर लाल्या आलेला कळतो का तुम्हाला?” सरांनी विचारलं. लाल्या पडला की पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग लालसर होत जातो. मॅग्नेशियम कमी पडलं की हे होतं आणि वेळेत फवारलं तर पीक सावरतं.

“पान वाळाले लागलं की कळते,” मामा म्हणाला. “आधी बायकोलेच दिसते. मी म्हनो, तिले वहम हाय.” मग थोडं थांबून म्हणाला, “भरतीत मले डोळे पाहूनच काढलं होतं. मले वाटे, पैसे नाई देल्ले म्हनून काढलं.” किती वर्षं तो हे मनात घेऊन बसला होता कोण जाणे.

बाबांना जरा चेव आला. “आमच्या घरान्यात असं कोनालेच नाई बुवा.”

“तुमचा यात काही संबंधच नाही,” सर शांतपणे म्हणाले. लाल-हिरवा ओळखायचा गुण एक्स नावाच्या गुणसूत्रावर असतो. बाईजवळ एक्स दोन, पुरुषाजवळ एकच, आणि तो आईकडून आलेला. बापाकडून पोराला वाय मिळतो. बाईचा एक एक्स खोटा असला तरी दुसरा सांभाळून घेतो, तिला सगळे रंग दिसतात. पुरुषाचा एकुलता एक खोटा निघाला की सांभाळायला कुणी नाही. आईने दोन्हींपैकी एक एक्स मला दिला, एक भावाला. भावाला चांगला आला, मला हा. यात कुणाची निवड नसते.

आजीचा हात भाकरीवर थांबला. “म्हंजे पोरीच्या हातून पोराले, अन् माह्या हातून पोरीले. माह्यापासूनच आलं म्हना ना.”

सरांनी घास खाली ठेवला. “आजी, लाल चटणी मिठाजवळ वाढायची हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“माह्या मायनं. माह्या बापाले तशीच वाढे ते.” आणि बोलता बोलता तीच थबकली. “बाप मिरच्या तोडाले कधी यायचा नाई. आम्ही म्हनो, आळशी हाय.”

सरांनी खिशातून कागद काढला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजीच्या बापाचा चौकोन त्यांनी काळा केला. त्याचा एकच एक्स, म्हणून तो त्याच्या प्रत्येक मुलीकडे जाणारच. आजीकडे तो आला तो तिच्या जन्माआधीच ठरलेला होता. आजीच्या गोलात एक ठिपका, आईच्या गोलात ठिपका, मामा काळा, मी काळा, भाऊ कोरा. अणूवाला डाल्टन आणि त्याचा भाऊ, दोघांनाही हेच होतं, असं सांगून त्यांनी मामाला आणि मला एकदम मोठ्या माणसांत नेऊन बसवलं. डाल्टनने १७९४ साली स्वतःच्या डोळ्यांवर निबंध वाचला होता. आपण मात्र मार खात होतो.

“मंग माह्या पोरीचं?” मामाने विचारलं. घरात लग्नाची पोर असलेल्या माणसाचा तो प्रश्न होता.

“तिच्यात ठिपका आहेच, पण तिला काही त्रास नाही. तिला मुलगा झाला तर हे येण्याची शक्यता निम्मी. शाळेत घालताना एकदा ही चित्रं दाखवायची, म्हणजे मार वाचेल. तुमच्या मुलाला तुमच्याकडून हे जात नाही.”

“औषध?”

“नाही.”

हे ‘नाही’ त्यांनी जसंच्या तसं सांगितलं, याबद्दल मी त्यांचा जास्तच ऋणी आहे. नांदुऱ्याच्या फलाटावर उभा राहून मी इंजिनाचा ड्रायव्हर व्हायचं ठरवून बसलो होतो. सिग्नल लाल की हिरवा हे ज्याला नक्की सांगता येत नाही, त्याने त्या वाटेला जाऊ नये, असं त्यांनी अंगणात हात धुता धुता मला सांगितलं. मी रडलो. मामासारखी पुढची वर्षं कुणावर तरी संशय घेण्यात मात्र गेली नाहीत. मी बँकेत लागलो. तिथे आकडे काळ्या शाईत असतात.

मामाने पुढच्या हंगामात मामीला ‘तुले वहम हाय’ म्हणणं सोडलं. बोंडं धरू लागली की दर आठवड्याला ती शेतातून फेरी मारायची आणि तिने बोट दाखवलं की तो मॅग्नेशियम सल्फेटचा पंप पाठीला लावायचा. सरांना त्याने तुरीची डाळ पाठवली. सरांनी ती परत केली आणि निरोप दिला, आजीला बहिणी किती ते कळवा.

आजीला दोन बहिणी होत्या, एक जळगाव जामोदकडे दिलेली. सरांची बदली झाल्यावरही मी लग्नाकार्यात मावसमामांच्या ताटांकडे आणि अंगावरच्या कपड्यांकडे बघत राहिलो. एक जण सापडला. हिरवं म्हणून घेतलेलं तपकिरी जाकीट घालून हळदीला मिरवत होता. मी सरांना पत्र लिहून कळवलं. उलट टपाली कार्ड आलं. ना खुशाली, ना शाबासकी. वर तारीख आणि खाली एकच ओळ: धाकट्या बहिणीच्या मुलांचं काय झालं, ते विचारलंस का?