रेझोनन्स तर फिनॉलमध्येही असतो!

ऑरगॅनिकच्या ओरलला एक प्रश्न असा असतो, की तो आला की आपण मनातल्या मनात देवाचे आभार मानतो. माझ्या बाबतीत तो प्रश्न होता, "फिनॉल आणि सायक्लोहेक्झॅनॉल, जास्त आम्लधर्मी कोण?" मी ऐटीत सांगितलं, "फिनॉल, सर. ड्यू टू रेझोनन्स."

एक्स्टर्नल सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कुणाचा रेझोनन्स?"

"फिनॉलचा, सर."

"फिनॉल रेझोनन्सने स्थिर होत असेल, तर ते प्रोटॉन सोडायला उलट नाखूषच असायला हवं. जो सुखात आहे तो घर कशाला सोडेल?"

आमची बोलती बंद. बारावीपासून पाठ केलेलं वाक्य, त्यावर मार्कही मिळालेले, आणि त्याचा अर्थ मला कधीच कळला नव्हता हे त्या एका मिनिटात कळलं.

रात्री मेसमधून आल्यावर रूममेटला हा किस्सा सांगितला. ती दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, मी कॉन्व्हेंटवाली. ती म्हणाली, "अगं, मग मला मराठीत समजावून सांग. आलं तर तुला समजलंय." मी वही उघडली. साडेअकरापर्यंत आम्ही बेन्झिनचे षटकोन काढत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते असं.

आधी दोघांत फरक किती ते बघा. फिनॉलचा पीकेए साधारण १०, सायक्लोहेक्झॅनॉलचा साधारण १६. पीकेए जितका कमी, तितकं आम्ल जोरदार. एक अंक म्हणजे दहा पट, म्हणून सहा अंक म्हणजे दहा लाख पट! गंमत अशी, की दोन्ही रेणूंत सहा कार्बनचं कडं आणि त्यावर एकच ओएच. फिनॉलला तीन रेणू हायड्रोजन दिला की सायक्लोहेक्झॅनॉल होतं. कारखान्यात तसं करतातही. ओएचला कुणी हातही लावलेला नाही, फक्त कड्यातले दुहेरी बंध गेले, आणि आम्लधर्म दहा लाख पटीने खाली आला.

आता सरांच्या प्रश्नाकडे. आम्ल किती जोरदार हे ठरवताना एकट्या फिनॉलकडे बघून चालत नाही. प्रोटॉन सोडण्याआधीचं फिनॉल आणि सोडल्यानंतरचा फिनॉक्साइड आयन, या दोघांच्या ऊर्जेतलं अंतर बघावं लागतं. रेझोनन्स दोघांतही आहे. प्रश्न एवढाच, की कुणाला त्याचा फायदा जास्त?

आम्ही दोघांच्या रचना शेजारी शेजारी काढल्या. दोन्हीकडे पाच-पाच आल्या. मग फरक कुठे? फरक चिन्हांत होता. फिनॉलच्या तीन रचनांत ऑक्सिजन आपली इलेक्ट्रॉनची जोडी कड्याला देतो. त्यामुळे ऑक्सिजनवर अधिक आणि कड्यातल्या कार्बनवर उणे असा भार येतो. म्हणजे मुळात कुठलाच भार नसलेल्या रेणूत अधिक-उणे ओढून वेगळे करायचे, आणि तेही ऑक्सिजनसारख्या इलेक्ट्रॉनच्या लोभी अणूवर अधिक भार ठेवून. स्वतः कर्ज काढून दुसऱ्याला उसने देण्यातला हा प्रकार. या रचनांचा खऱ्या रेणूत वाटा कमी, म्हणून फायदाही कमी.

फिनॉक्साइडचं तसं नाही. त्याच्याकडे उणे भार आधीच आहे. तो ऑक्सिजनवरून दोन ऑर्थो आणि एका पॅरा कार्बनवर पसरतो, पण नवीन अधिक-उणे तयार करावं लागत नाही. असलेलंच ओझं चौघांत वाटलं जातं. म्हणून फिनॉल रेझोनन्सने एक पायरी खाली उतरतं, तर फिनॉक्साइड चार पायऱ्या. मधलं अंतर कमी झालं, प्रोटॉन सोडणं सोपं झालं. सायक्लोहेक्झॅनॉलच्या आयनात मात्र उणे भार एकट्या ऑक्सिजनच्या डोक्यावर. शेजारच्या कार्बनचे चारही बंध एकेरी, भार सरकायला जागाच नाही.

इथे रूममेटने बरोबर चिमटा काढला. "म्हणजे भार या रचनेतून त्या रचनेत उड्या मारतो का?" नाही. आयन एकच असतो आणि भार कायमच पसरलेला असतो. आपल्याला तो एका चित्रात काढता येत नाही, म्हणून पाच चित्रं काढावी लागतात.

तिचा पुढचा प्रश्न आणखी खोचक. "कडं नुसतंच इलेक्ट्रॉन ओढत असेल तर? रेझोनन्सच कशावरून?" शंका रास्त आहे. दुहेरी बंधातला कार्बन साध्या कार्बनपेक्षा इलेक्ट्रॉन जास्त ओढतो, तेव्हा सगळं श्रेय रेझोनन्सला देता येत नाही. पण त्याचा हात आहे हे दाखवता येतं. फिनॉलवर नायट्रो गट मेटा जागी लावला तर पीकेए १० वरून ८.४ होतो. पॅरा जागी लावला तर ७.१! पॅरा जागा ओएचपासून जास्त लांब. नुसती ओढच असती तर पॅराचा परिणाम कमी दिसायला हवा होता. पण फिनॉक्साइडच्या रचनांत उणे भार पॅरा कार्बनवर येतो, मेटावर येत नाही. पॅराचा नायट्रो गट तो भार स्वतःच्या ऑक्सिजनवर घेऊ शकतो, मेटाचा घेऊ शकत नाही. चित्रांनी जे सांगितलं तेच आकड्यांनी दाखवलं.

हे सगळं पुढच्याच प्रॅक्टिकलला उपयोगी पडलं. ईथरमध्ये फिनॉल आणि सायक्लोहेक्झॅनॉलचं मिश्रण होतं, दोन्ही वेगळे करायचे होते. माझ्या शेजारच्या बेंचवर "फिनॉल आम्ल आहे ना" म्हणून सोडियम बायकार्बोनेट घातलं गेलं. फसफसलं नाही, वेगळंही काही झालं नाही. कारण बायकार्बोनेटच्या द्रावणाचा पीएच ८.३ च्या आसपास, फिनॉलच्या पीकेएपेक्षा १.७ ने कमी. म्हणजे पन्नास रेणूंमागे जेमतेम एक फिनॉक्साइड झालेला. बाकी सगळं फिनॉल ईथरमध्येच मजेत.

आम्ही एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइड घेतलं, पीएच १४. इथे फिनॉलच्या एका रेणूमागे दहा हजार फिनॉक्साइड. सायक्लोहेक्झॅनॉलचं मात्र शंभरात एकच आयन झालेलं. सेपरेटिंग फनेलमध्ये हलवलं, मधूनमधून तोटी उघडून ईथरची वाफ सोडली. फिनॉक्साइड खालच्या पाण्याच्या थरात उतरला, सायक्लोहेक्झॅनॉल वर ईथरमध्ये राहिलं. अल्कली मात्र पुरेशी हवी: ४.७ ग्रॅम फिनॉलला अशी ५० मिली तर संपूनच जाते, म्हणून आम्ही ७५ मिली तीन भागांत घातली. खालच्या थरात हायड्रोक्लोरिक आम्ल टाकल्यावर ते दुधासारखं पांढरं झालं आणि कार्बोलिकचा ओळखीचा वास आला. त्याच्या एका थेंबाने फेरिक क्लोराइड जांभळं झालं. वरच्या थरातला थेंब घड्याळकाचेवर सुकवून, थोड्या पातळ अल्कोहोलमध्ये घेऊन तीच परीक्षा केली. रंग पिवळाच राहिला. म्हणजे वर फिनॉल उरलं नव्हतं.

ओरलचे मार्क जे जायचे ते गेले. पण आता कुणी "ड्यू टू रेझोनन्स" म्हटलं, की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "कुणाचा? आधीचा की नंतरचा?" रूममेट म्हणते, मी त्या एक्स्टर्नलसारखी बोलायला लागलेय.

– द्वितीय वर्ष, केमिकल