कंदिलाचं अंतर

रात्रीच्या खोलीत कंदील ठेवून दृश्य टिपायचं ठरलं की नवखा छायाचित्रकार सर्वांत आधी रंगाची काळजी करतो. मला मात्र काळजी असते ती अंतराची.

कोकणातल्या एका घराच्या माजघरात आम्ही असंच दृश्य टिपत होतो. आई कॅमेऱ्याकडे तोंड करून बसलेली, तिच्यापुढे दोन फुटांवर कंदील, आणि तिच्यामागे सहा फुटांवर भिंत. सगळे दिवे बंद करून नुसता कंदील लावला आणि आधी डोळ्यांनी पाहून घेतलं. भिंत कंदिलापासून आठ फुटांवर, म्हणजे आईच्या चेहऱ्याच्या चौपट अंतरावर होती. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे भिंतीवर चेहऱ्याच्या मानाने सोळावा भागच उजेड पडत होता. खोलीतली रात्र त्या काळोख्या भिंतीत होती.

अडचण ज्योतीची होती. चेहरा नीट दिसेल इतकं एक्स्पोजर दिलं की काचेच्या जागी पांढरा डाग उरायचा, आणि ज्योत सांभाळली की आईचा चेहरा बुडायचा. चेहऱ्याला मदत हवीच होती. लाइटमनने फ्रेमबाहेर, आईपासून सहा फुटांवर, नारिंगी जेल लावून दिवा उभा केला. रंग अचूक जुळला, पण दृश्य खोटं दिसू लागलं. भिंत आता दिव्यापासून बारा फुटांवर, म्हणजे चेहऱ्याच्या जेमतेम दुप्पट अंतरावर आली आणि तिच्यावर चौथा हिस्सा उजेड पसरला. भर म्हणून कंदिलाची स्वतःची सावली आईच्या पदरावर पडली. दिव्याला स्वतःची सावली पडते, हे प्रेक्षकाला शब्दांत सांगता येणार नाही, पण त्याला ते खटकतंच.

तो दिवा काढला. एक छोटा बल्ब कंदिलाच्या टाकीमागे, आईच्या बाजूला बांधला. कॅमेऱ्याला तो टाकीआड दिसत नव्हता. वायर चटईखालून नेली आणि डिमर उतरवत गेलो. बल्ब मंदावला की आपोआप तांबूस होतो, त्यामुळे जेलची गरज उरली नाही. कॅमेरा 3200 केल्विनवरच ठेवला. मेणबत्तीची ज्योत साधारण 1900 केल्विनची असते. कंदिलाचीही त्याच घरातली. कॅमेरा तिथवर उतरवला असता तर ती ऊबच पुसली गेली असती. कंदिलाला काच असते, ज्योत फारशी हलत नाही, म्हणून बल्ब लुकलुकवलाही नाही.

उजेड आता हनुवटीखालून येत होता. नाकाची सावली वर, कपाळाकडे चढलेली. कुणीतरी म्हणालं, आई भेसूर दिसते, वरून थोडा उजेड द्या. मी दिला नाही. आईला सुईत दोरा ओवताना किंचित पुढे वाकायला सांगितलं, आणि सावली मवाळ झाली. भिंत तशीच काळी राहू दिली. तिच्यावरचं कॅलेंडर त्या शॉटमध्ये दिसत नाही.