सकाळचा कप्पा

आईची गोळ्यांची डबी मीच भरायचो. पंधरा दिवसांनी लातूरहून नांदेडला गेलो की 'सकाळ'च्या प्रत्येक कप्प्यात थायरॉईडची एक, कॅल्शियमच्या दोन. एकदम घेतल्या की विसरायला नको, हा माझा हिशोब. आईलाही पटला होता.

चार महिन्यांनी तिला पुन्हा थकवा यायला लागला, पाय जड, दुपारभर झोप. टीएसएच 2.8 वरून 9.6 वर गेलेलं. मला वाटलं, 75 मायक्रोग्रॅमची गोळी आता कमी पडतेय, डोस वाढवतील. डॉक्टरांनी डोसचं नावच काढलं नाही. विचारलं, "गोळी कशासोबत घेता?"

आई म्हणाली, "सगळ्या संगंच घेते की. लेकानं डबीच तशी भरून दिलीय."

मी खाली बघत बसलो.

पोटात कॅल्शियम लेव्होथायरॉक्सिनला धरून ठेवतं, त्यामुळे ते रक्तात पुरेसं उतरत नाही. म्हणजे आई रोज न चुकता गोळी गिळत होती आणि तिच्यातला काही भाग तसाच बाहेर जात होता. दोन्हींत किमान चार तास हवेत. डोस वाढवला असता तर रिपोर्ट कदाचित सुधारला असता. पण पुढे कधी कॅल्शियम बंद झालं की तोच डोस जास्त झाला असता, मग धडधड, हातांना कंप.

दुसरी चूक कॅल्शियमचीच होती. तिच्या एका गोळीत 500 मिलीग्रॅम कॅल्शियम. एका वेळी त्याहून जास्त घेतलं की शोषलं जाण्याचं प्रमाण घटतं, म्हणून दोन गोळ्या एकदम घेण्यात फायदा नाही. शिवाय तिची गोळी कॅल्शियम कार्बोनेटची. तिला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ती जेवणासोबत. आम्ही ती उपाशीपोटी देत होतो!

आता साडेपाचला उठल्यावर थायरॉईडची गोळी, नुसत्या पाण्यासोबत. चहा साडेसहाला. (यावर आई आठवडाभर कुरकुरली.) कॅल्शियमची एक गोळी दुपारी एकच्या भाकरीसोबत, दुसरी रात्रीच्या जेवणात. दुपारची राहिली तर रात्री दोन घ्यायच्या नाहीत. ॲसिडिटीची किंवा लोहाची गोळी सुरू झाली तर तीही सकाळी नको, आधी विचारायचं.

फरक लगेच कळत नाही. टीएसएच सावकाश बदलतं, म्हणून डॉक्टरांनी दीड-दोन महिन्यांनी तपासायला सांगितलं. आठ आठवड्यांनी ते 3.1 आलं. गोळी तीच, 75 ची.

थायरॉईडची बाटली आता आईच्या उशाशी, पाण्याच्या तांब्याजवळ असते. डबीतला सकाळचा कप्पा मी रिकामा ठेवतो. दुपारी लातूरहून फोन करून विचारतो, "कॅल्शियम घेतलं का?"

"अजून जेवलेच नाही रे. मग कशी घेऊ?"