जर्दाळूच्या बियांचा हिशेब

रमजानच्या आधी घरात सुका मेवा भरताना जर्दाळूही येतो. हैदराबादकडच्या सोयरिकीमुळे आमच्या कुटुंबात खुबानीचा मीठा शिकला गेला आणि ईदच्या दस्तरखानावर शीरखुर्म्याच्या शेजारी त्याची वाटी असतेच. हा पदार्थ करताना भिजलेल्या जर्दाळूतून बिया काढतात, त्या फोडतात आणि आतला बदामासारखा दाणा वरून सजवायला घालतात. त्यामुळे ‘जर्दाळूची बी म्हणजे खायची वस्तू’ हे आमच्याकडे लहानपणापासून ठाऊक असतं. ते खरंही आहे, पण गोड बी असेल तरच.

कडू बीची गोष्ट मला गेल्या वर्षी नीट समजून घ्यावी लागली. नावडे खारघरला लागून आहे आणि खारघरला टाटाचं कॅन्सर केंद्र आहे. त्यामुळे कोकणातले नातेवाईक उपचारासाठी आले की मुक्कामाला आमच्याकडेच. म्हसळ्याकडचे एक दूरचे मामू असेच केमोसाठी येऊन राहिले. सोबत चार वर्षांचा नातू. मामूंच्या पिशवीत औषधांच्या जोडीला जर्दाळूच्या सोललेल्या दाण्यांचं एक पाकीट होतं. कुणा हितचिंतकाने दिलेलं. यात ‘व्हिटॅमिन बी १७’ असतं, त्याने गाठ विरघळते, रोज सकाळी दहा दाणे चावून खायचे, अशी सूचना.

मी एक दाणा दाताने टोकाशी कुरतडला. जिभेवर आधी बदामाचा दाट वास आणि मागून जहाल कडवटपणा आला. थुंकून चूळ भरली.

“मामू, हे किती दिवसांपासून खाताय?”

“तीन दिवस झाले. दोन-दोनच खातो, कडू लागतात. आता वाढवायचे.”

“आणि हा?” मी नातवाकडे बघितलं.

“त्याला कशाला देऊ? पण पाकीट तिथंच असतं उशाशी.”

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी कागद-पेन्सिल घेऊन जो हिशेब मांडला, तोच इथे देतो.

कडू बदाम, जर्दाळू, आलुबुखारा, पीच ही सगळी एकाच कुळातली झाडं. त्यांच्या बियांत अमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं. दाणा अख्खा असताना ते निरुपद्रवी पडून असतं. त्याच दाण्यात एक एन्झाइमही असतं, पण वेगळ्या कप्प्यात. दाणा चावला, कुटला किंवा वाटला आणि त्यात पाणी मिसळलं की दोघांची गाठ पडते आणि अमिग्डालिन फुटतं. त्यातून साखर निघते, बेन्झाल्डिहाइड निघतं आणि हायड्रोजन सायनाइड निघतं. आपण ज्याला बदामाचा वास म्हणतो तो बेन्झाल्डिहाइडचा. तो विषारी नाही, आइस्क्रीममधल्या बदाम इसेन्समध्येही तोच असतो. विष हे त्याचं जुळं भावंड आहे. एन्झाइम नसलं तरी आपल्या आतड्यातले जिवाणू हेच काम करतात. म्हणून भाजल्याने किंवा उकळल्याने एन्झाइम मेलं, तरी दाण्यात उरलेलं अमिग्डालिन पोटात जाऊन फुटू शकतं. घरी भाजून-उकळून कडू दाणा सुरक्षित झाला असं धरून चालता येत नाही. आणि कडू बदाम रात्री भिजवून सकाळी दुधात वाटणं म्हणजे तर त्या दोन कप्प्यांमधली भिंत आपल्याच हाताने पाडणं.

सायनाइड शरीरात गेलं की पेशींना प्राणवायू वापरता येत नाही. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशी उपाशी राहतात. मेंदू आणि हृदय यांना ते सर्वांत आधी भोवतं. शरीर थोडं सायनाइड निकामी करतंच. यकृतातलं एक एन्झाइम त्याला गंधक जोडून लघवीवाटे बाहेर काढतं. पण त्या कामाला वेग असतो आणि मर्यादा असते. एका बैठकीत त्याहून जास्त आलं की विषबाधा होते. म्हणूनच ‘आठवड्यात किती’ याच्या आधी ‘एका वेळी किती’ हा प्रश्न येतो.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2016 मध्ये कच्च्या जर्दाळू बियांबद्दल यावरच मत दिलं. एका वेळी शरीराच्या प्रत्येक किलोमागे 0.02 मिलिग्रॅम सायनाइड इथपर्यंत धोका मानलेला नाही. जीवघेणी मात्रा किलोमागे 0.5 ते 3.5 मिलिग्रॅम अशी धरली जाते. दाण्यांतलं प्रमाण झाडागणिक बदलतं. सर्वांत कडू दाण्यांत ग्रॅमला 3.8 मिलिग्रॅमपर्यंत सायनाइड निघू शकतं, असं धरून त्या संस्थेने हिशेब केला होता. आम्हीही तोच आकडा घेतला, कारण पाकिटात काय आहे हे सांगणारं कुणी नव्हतं.

मामूंचं वजन 60 किलो. म्हणजे त्यांची एका वेळची सुरक्षित हद्द 1.2 मिलिग्रॅम. पाकिटातले दाणे स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले तेव्हा दहा दाणे साधारण चार ग्रॅम भरले. म्हणजे एक दाणा 0.4 ग्रॅमचा आणि त्यातून जास्तीत जास्त दीड मिलिग्रॅम सायनाइड. एकाच दाण्यात हद्द ओलांडली. दहा दाण्यांचे होतात 15 मिलिग्रॅम. मामूंच्या वजनाला जीवघेण्या मात्रेची खालची कड 30 मिलिग्रॅमवर येते. सांगितलेला ‘डोस’ त्या कडेच्या अर्ध्यावर नेऊन ठेवणारा होता, तोही केमोने थकलेल्या शरीरासाठी.

मग नातवाचं वजन लिहिलं, 14 किलो. त्याची सुरक्षित हद्द 0.28 मिलिग्रॅम, म्हणजे एका दाण्याचा पाचवा हिस्साही नाही. जीवघेण्या मात्रेची खालची कड त्याच्यासाठी 7 मिलिग्रॅम. पाच दाणे. मामूंनी पेन्सिल खाली ठेवली आणि ते उठून पाकीट उशाखालून काढून आले.

कडू बदामाचा हिशेब याच रीतीने होतो. तपासणीत कडू बदामात किलोमागे साधारण हजार मिलिग्रॅम सायनाइड आढळलेलं आहे, तर गोड बदामात पंचवीसच्या आसपास. म्हणजे गोडाच्या चाळीसपट. एक बदाम सुमारे एक ग्रॅमचा धरला तर कडू बदामामागे एक मिलिग्रॅम, काहींत त्याहून बरंच जास्त. म्हणून लहान मुलासाठी पाच ते दहा कडू बदाम प्राणघातक ठरू शकतात असं सांगतात, तर मोठ्या माणसासाठी पन्नासच्या आसपासचा आकडा दिला जातो. हा पन्नासचा आकडा धीर देणारा नाही. जीव जाण्याच्या कितीतरी आधी उलट्या, चक्कर आणि धाप सुरू होते.

गोड बदामाची भीती मात्र कुणी घेऊ नये. मूठभर गोड बदामात एखादा कडू निघाला आणि तो थुंकून टाकला तर मोठ्या माणसाला काही होत नाही. कलमी बागांतल्या मालात कडू दाणा क्वचितच सापडतो. बी पेरून वाढलेल्या झाडांचा माल एकत्र केलेला असेल तर जास्त सापडतो, कारण अशा प्रत्येक झाडाची जात वेगळी निघू शकते. बारीक, तेलकट गुरबंदी बदाम घेणाऱ्यांना याचा अनुभव असतो. जर्दाळूचंही असंच. लडाखमध्ये गोड बीचे आणि कडू बीचे जर्दाळू वेगवेगळ्या नावांनी ओळखले जातात आणि कडू बीचं तेल काढतात. आपल्याकडे वाशीच्या घाऊक बाजारातून फिरत नावड्याच्या दुकानात पोचेपर्यंत ती ओळख पुसलेली असते. बाहेरून बघून गोड-कडू सांगता येत नाही. एकच खात्रीची परीक्षा, ती म्हणजे दाण्याचा कण जिभेवर ठेवून बघणं.

राहिला ‘बी १७’चा प्रश्न. मामूंना खरं तेच ऐकायचं होतं. हे व्हिटॅमिन नाही. ते मिळालं नाही म्हणून कुणाला कुठला आजार होत नाही. अमिग्डालिनपासून केलेलं लेट्राइल नावाचं औषध अमेरिकेत सत्तरच्या दशकात फार गाजलं. शेवटी मेयो क्लिनिकच्या डॉक्टर मोर्टेल आणि सहकाऱ्यांनी 178 कॅन्सर रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी केली. 1982 मध्ये निकाल छापून आला. कुणी बरं झालं नाही, आजार थांबला नाही, आयुष्य वाढलं नाही. उलट काही रुग्णांच्या रक्तात सायनाइड जीवघेण्या पातळीच्या जवळ पोचलं होतं. मामू थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “देणाऱ्याची नियत वाईट नव्हती रे.” मी म्हटलं, नव्हतीच. पण पोटात नियत जात नाही, दाणा जातो. दुसऱ्या दिवशी केमोच्या वेळी त्यांनी डॉक्टरांना तीन दिवसांचं सगळं सांगितलं. हे सांगणं फार गरजेचं असतं, कारण बियांनी होणारी मळमळ आणि अशक्तपणा केमोच्या खात्यावर मांडला जाऊ शकतो.

विषबाधा झाल्यास काय दिसतं तेही लिहून ठेवतो. दाणे खाल्ल्यावर काही मिनिटांत ते एक-दोन तासांत डोकं दुखणं, चक्कर, उलटी, घाबरल्यासारखं होणं आणि भरभर श्वास सुरू होतो. पुढे ग्लानी, झटके, बेशुद्धी. मुलाने कडू दाणे खाल्लेत असं कळलं तर लक्षणांची वाट बघायची नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, दूध पाजत बसायचं नाही. 108 ला फोन करायचा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचं, जिथे प्राणवायू आणि अतिदक्षता विभाग असेल. पाकीट सोबत घ्यायचं आणि तीन गोष्टी सांगायच्या: काय खाल्लं, साधारण किती, किती वाजता. यावर हायड्रॉक्सोकोबालामिन, सोडियम थायोसल्फेट असे उतारे आहेत, पण डॉक्टरांच्या मनात सायनाइडची शंका आली तरच ते निघतात. ‘मुलाने सुका मेवा खाल्ला’ एवढंच सांगितलं तर ती शंका कशी येणार?

आमच्या स्वयंपाकघरात आता खुबानीच्या मीठ्यावर सोललेले गोड बदाम पडतात. जर्दाळूच्या बिया भिजवणातून निघाल्या की मुलांच्या हाताला लागण्याआधी कचऱ्यात जातात. यंदा खालाने विचारलं, चव कमी नाही का लागत? वाटी तर रिकामी झाली होती.