बसणं, लांबवणं आणि मेल्यासारखं पडणं

सातारा

चि. सई,


तुझा निरोप मिळाला. मेलबर्नच्या योगवर्गात तू एकटीच मराठी, त्यामुळे बाईंनी एखादा संस्कृत शब्द उच्चारला की सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळतात आणि तू ‘आत्याला विचारून सांगते’ म्हणून सुटका करून घेतेस. फोनवर हे तुटक-तुटक होईल, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे. तू तीन शब्द विचारलेस : आसन, प्राणायाम आणि शवासन. त्याच क्रमाने घेऊ, कारण पहिला नीट कळला नाही तर तिसरा कोड्यात टाकतो.

‘आस्’ या धातूचा अर्थ बसणे. त्यावरून आसन. बसण्याची क्रिया तेही आसन आणि ज्यावर बसायचं तेही आसनच. आपल्याकडे हा अर्थ अजून जिवंत आहे. पूजेत देवाचं आवाहन झालं की लगेच त्याला आसन देतात, म्हणजे ‘आलास, आता बस’. तू लहानपणी आजोबांपुढे आसनमांडी घालून बसायचीस, त्यातही तेच. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योग्याचं आसन कसं मांडावं ते सांगितलं आहे : तळाशी कुश, मध्ये धुतलेल्या वस्त्राची घडी आणि वर मृगाजिन. त्या हिशेबाने तू वर्गाला जी मॅट गुंडाळून नेतेस तिलाच आसन म्हणायला हवं.

पतंजलीच्या योगसूत्रांत आठ अंगांपैकी आसन हे तिसरं अंग. त्यासाठी त्याने जेमतेम तीन सूत्रं खर्ची घातली आहेत आणि त्यांत एकाही आसनाचं नाव नाही. बसणं स्थिर असावं आणि सुखाचं असावं, एवढीच त्याची अट. नावं येतात ती सूत्रांवरच्या व्यासभाष्यात. पद्मासन, वीरासन, भद्रासन अशी ती यादी आहे. त्यात क्रौंचनिषदन, हस्तिनिषदन, उष्ट्रनिषदन अशीही नावं आहेत. ‘निषदन’ म्हणजेही बसणंच. क्रौंच पक्षी, हत्ती, उंट बसतात तसं बसायचं. एकूण यादी बहुतांशी बैठ्या स्थितींची. पुढे बराच वेळ ध्यान करायचं तर पाय न अवघडता बसता आलं पाहिजे, यासाठी ही सारी खटपट.

मग तुमच्या बाई एका पायावर उभं राहायला सांगतात आणि त्यालाही आसन म्हणतात, ते कसं? तर शब्दाचा अर्थ हळूहळू रुंदावत गेला. पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत पंधरा आसनं आहेत. पद्मासन, सिद्धासन त्यांत आहेतच, पण मयूरासनही आहे. त्यात दोन्ही हातांवर अख्खं शरीर आडवं तोलून धरायचं असतं. याला कुणी बसणं म्हणणार नाही. म्हणजे तोपर्यंत आसनाचा अर्थ ‘शरीराची ठरवून धरलेली स्थिती’ असा झालेला होता. त्रिकोणासन, वीरभद्रासन ही उभ्याने करायची आसनं हठप्रदीपिकेत नाहीत. आजच्या वर्गांत त्यांना जे स्थान आहे ते विसाव्या शतकातलं. म्हैसूरच्या राजवाड्यात टी. कृष्णमाचार्य शिकवत, त्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्याला आले आणि पुढे त्यांच्यामार्फत ही आसनं जगभर गेली. अर्थ एवढा बदलला तरी पतंजलीची अट मात्र आजही लावून पाहता येते. वीरभद्रासनात मांडी थरथरायला लागली, दात आवळले गेले आणि श्वास अडकला, तर आकार कितीही हुबेहूब असला तरी ते स्थिरही नाही आणि सुखाचंही नाही. पायांतलं अंतर वीतभर कमी कर, म्हणजे जमेल.

उच्चाराचं एक सांगते. तुमच्याकडे ‘आसना’ असा शेवट लांबवतात, कारण रोमन लिपीत शेवटी ‘ए’ दिसतो. संस्कृतात तो ऱ्हस्व ‘अ’ आहे. आपण मराठीत तोही गिळून ‘आसन्’ म्हणतो. दोघांचंही थोडं चुकतंच, तेव्हा त्यांना हसू नकोस.

आता प्राणायाम. हा शब्द ‘प्राण’ आणि ‘यम’ असा फोडला जातो आणि मग ‘श्वासावर ताबा’ असा अर्थ सांगितला जातो. संधीच्या नियमाने ते बसत नाही. तसं असतं तर शब्द ‘प्राणयम’ झाला असता. मधला दीर्घ ‘आ’ सांगतो की ही फोड प्राण + आयाम अशी आहे. आयाम म्हणजे ताणणं, लांबवणं, लांबी. रोखून धरणं हीही छटा त्यात आहे, कारण मूळ धातू ‘यम्’च. आपला व्यायाम त्याच घरातला. तेव्हा शब्दशः सांगायचं तर प्राणायाम म्हणजे प्राणाला दिलेली लांबी. प्राण म्हणजे निव्वळ नाकातली हवा नव्हे, हे तुला सांगायला नको. कुणी गेलं की आपण ‘प्राण गेला’ म्हणतो, ‘श्वास संपला’ म्हणत नाही.

लांबवायचं म्हणजे काय, ते आकड्यांत सांगते. श्वास घेणं तो पूरक, कोंडणं तो कुंभक, सोडणं तो रेचक. परंपरेत यांचं प्रमाण एकास चार, चारास दोन असं सांगतात. तू ते करू नकोस. कुंभक पूर्ण सोडून दे आणि फक्त पूरक-रेचक ठेव. उजव्या हाताच्या अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद करून डावीने चार मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, मग अनामिकेने डावी बंद करून उजवीने आठ मोजेपर्यंत सोडायचा. पुढचा श्वास उजवीने घ्यायचा आणि डावीने सोडायचा. हाताने नाक धरताना सरळ समोरून धर. डोक्यामागून हात फिरवून धरलंस तर तो द्राविडी प्राणायाम, आणि तो तुमच्या घराण्यात आधीच पुरेसा चालतो. मोजणी झेपत नसेल तर कळायची खूण सोपी आहे. रेचकाच्या शेवटी हवा भसकन निसटली किंवा पुढचा श्वास हपापून घ्यावा लागला, की आकडा मोठा झाला असं समज. चार-आठच्या ऐवजी तीन-सहा कर. श्वासाची लांबी वाढते ती आपोआप. खेचून वाढवलेली लांबी दोन आवर्तनांत उसवते.

या अर्थावर तुझ्या बाईंचं एक म्हणणं घासून बघ. कपालभातीला त्या प्राणायाम म्हणतात, असं तू लिहिलं आहेस. इथेही बहुतेक जण तसंच म्हणतात. पण कपालभातीत तर पोटाला झटके देत श्वास भराभर बाहेर टाकायचा असतो. लांबवण्याच्या अगदी उलट. हठप्रदीपिकेत तिची गणना प्राणायामात नाहीच. धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्या रांगेत ती सहावी शुद्धिक्रिया आहे. आधी झाडलोट, मग प्राणायाम, असा तो क्रम आहे. प्राणायामाचे म्हणून जे प्रकार त्या ग्रंथात येतात त्यांना सरसकट कुंभक म्हटलं आहे : सूर्यभेदन, उज्जायी, सीत्कारी, शीतली वगैरे आठ.

आता तिसरा. शव + आसन. शववाहिका, शवागार, शवविच्छेदन यांतलं शव तेच हे. वर्गाच्या शेवटी दिवे मंद करून बाई ‘सवासना’ म्हणतात आणि मैत्रिणींना वाटतं की याचा अर्थ विश्रांती. तो परिणाम झाला, अर्थ नव्हे. रोमनमध्ये लिहिताना ‘श’वरचं चिन्ह गळतं आणि शव ‘सव’ होतं. माझ्या आईने कुठल्याशा व्हिडिओत हा उच्चार ऐकून ‘कोण सवाष्ण?’ म्हणून विचारलं होतं. दुसरा घोळ अधोमुख श्वानासनाचा. श्वान म्हणजे कुत्रा आणि शव म्हणजे प्रेत, पण रोमन अक्षरांत दोन्ही नावं इतकी सारखी दिसतात की फळ्यावर वाचताना गफलत होणारच. ‘श’ टाळूला जीभ लावून म्हण आणि ‘व’ सुटा ठेव, म्हणजे कुत्रा आणि प्रेत वेगळे राहतील.

प्रेताचं बसणं, ही शब्दजोडी विचित्रच. पण आसनाचा अर्थ कुठवर पसरला हे वर पाहिलंस, त्यामुळे आता ती खटकू नये. हठप्रदीपिकेच्या पंधरा आसनांत हे एक आहे. जमिनीवर प्रेतासारखं उताणं पडायचं, त्याने थकवा जातो आणि चित्ताला विसावा मिळतो, एवढंच तिथे सांगितलं आहे. घेरण्डसंहितेत तर त्याला सरळ मृतासन म्हटलं आहे. नावातच सूचना आहे : प्रेत कूस बदलत नाही, नाक खाजवत नाही, घड्याळाकडे बघत नाही.

हे ‘पडून राहणं’ वैद्यकानेही एकदा काटेकोरपणे तपासलं होतं, आणि तेही आपल्या मुंबईत. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं आणि त्याचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध केला. त्यातली पद्धत मला उपयोगी वाटते, कारण ती मोघम नाही. पाठीवर पडायचं, दोन्ही पायांत सुमारे ३० अंशांचा कोन, हात धडापासून सुमारे १५ अंश दूर, बोटं किंचित वाकलेली, डोळे मिटलेले. पोटाने संथ श्वास. श्वास घेतल्यावर छोटा विराम, सोडल्यावर त्याहून मोठा. मग लक्ष नाकपुड्यांवर : आत येणारी हवा गार लागते, बाहेर जाणारी कोमट. असं अर्धा तास. बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरला, काहींची औषधं कमी करता आली, सगळ्यांची नाही. रुग्ण थोडे होते, शिवाय औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी केली होती. हे तुझ्या बाबांना मुद्दाम वाचून दाखव, म्हणजे ते गोळी बंद करून नुसते पडून राहणार नाहीत.

तुम्हाला वर्गात पाच मिनिटंच मिळतात. तेवढ्यात झोप लागत असेल तर ते शवासन नव्हे. बाईंच्या घंटेने दचकलीस तर झोपली होतीस. घंटा होणार हे आधीपासून ठाऊक होतं आणि तरी बोटही हललं नाही, तर जमलं. कंबर जमिनीवर दुखत असेल तर गुडघ्यांखाली पांघरुणाची गुंडाळी घे. उठताना एकदम सरळ बसू नकोस. आधी कुशीवर वळ, मग हाताचा टेकू घेऊन ऊठ.

मैत्रिणींना थोडक्यात सांगायचं तर : आसन म्हणजे बसणं, प्राणायाम म्हणजे प्राणाला लांबी देणं, शवासन म्हणजे प्रेतासारखं पडणं. कपालभातीचं बाईंना सांगणार असशील तर वर्ग संपल्यावर एकटीच जाऊन सांग, सगळ्यांसमोर नको. आणि त्यांनी आधार मागितला तर हठप्रदीपिकेचा दुसरा उपदेश बघा म्हणावं.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या